कबड्डीची पोरं आणि हँडबॉलचं घड्याळ: ४ मिनिटं ५० सेकंदांचं एक प्रकरण

आठवी-नववीच्या मुलांचा मैत्रीपूर्ण सामना होता. डिसेंबरातला रविवार, सकाळची वेळ आणि नाशिकची थंडी. पंचवटीतल्या एका मैदानावर आम्ही दुसऱ्या हाफच्या ८ व्या मिनिटापर्यंत ९-८ ने पुढे होतो. १३ व्या मिनिटाला आम्ही १०-१३ ने मागे होतो. पुढे सामना १२-१५ असा संपला. परतताना गाडीत पोरांचं एकच पालुपद होतं, "सर, पंच त्यांचेच होते."

मी क्रीडाशिक्षक आहे, पण मूळचा कबड्डीतला. शाळेत हँडबॉल सुरू करायचं ठरलं तेव्हा मी माझ्याच कबड्डीच्या संघातली चपळ पोरं उचलली आणि २ महिने सराव घेतला. पंचांवर मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण एका पालकांनी सामना मोबाइलवर काढला होता. ज्यांनी पंचगिरी केली ते हँडबॉलचे जुने खेळाडू, त्यांना मी फोन केला. "या की, बसू," म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. त्या पावणेपाच-पाच मिनिटांत आमच्याविरुद्ध मोठे ४ निर्णय गेले होते आणि चारही बरोबर होते. मला जास्त लागलं ते वेगळंच. यातल्या ३ चुका पोरांनी कबड्डीच्या सवयीने केल्या होत्या आणि चौथी मी शिकवलेली होती.

८:१० – चौथं पाऊल, आणि त्याहून महाग पडलेला चेंडू

आमचा ७ नंबर वेगात पुढे पळत होता. मधून त्याला पास मिळाला, त्याने पावलं टाकली, उडी मारली आणि गोल केला. आमच्या बाजूने टाळ्या वाजायला लागल्या आणि तेवढ्यात शिट्टी झाली. पंचांनी दोन्ही हात छातीसमोर एकमेकांभोवती गोल फिरवले. म्हणजे पावलं जास्त झाली, गोल नाही, समोरच्या संघाला फ्री थ्रो.

हँडबॉलमध्ये चेंडू हातात धरून जास्तीत जास्त ३ पावलं टाकता येतात आणि चेंडू जास्तीत जास्त ३ सेकंद धरता येतो. एवढं सगळ्यांना पाठ असतं. गडबड होते ती मोजायला कुठून सुरुवात करायची यात. मी पोरांना शिकवलं होतं, "पकडल्यावरचा पहिला पाय फुकट, मग एक, दोन, तीन." हे अर्धंच खरं आहे.

चेंडू हवेत असताना पकडला, म्हणजे पकडण्याच्या क्षणी दोन्ही पाय जमिनीपासून सुटलेले असले, तर खाली येताना जो पाय टेकतो तो मोजत नाहीत. तो शून्य. त्यानंतरचा पाय एक. दोन्ही पाय एकदम टेकले तरी तेही शून्यच, आणि मग एक पाय उचलून ठेवला की एक. पण चेंडू पकडताना एक पाय आधीच जमिनीवर असेल, तर पुढचा टेकणारा पाय हाच पहिला. तिथे फुकटचं काही नाही, कारण जमिनीवर असलेल्या पायानेच ती शून्याची जागा घेतलेली असते.

व्हिडिओ थांबवला तिथे ७ नंबरचा डावा पाय पूर्ण टेकलेला दिसतो आणि चेंडू नुकताच त्याच्या हातात आलेला. मग उजवा, डावा, उजवा, डावा आणि डाव्यावरून उडी. तो मनात मोजत होता "फुकट, एक, दोन, तीन." पंच मोजत होते "एक, दोन, तीन, चार." सरावात मी नेहमी पास थोडा उंच द्यायचो. पोरगं उडी मारूनच पकडायचं, त्यामुळे त्याचे चार स्पर्श तिथे नियमात बसायचे. सामन्यात पास कमरेएवढा आला, पळता पळता पकडला आणि तीच सवय चूक ठरली.

त्याला सुटायला मार्ग होता. ३ पावलांच्या आत चेंडू जमिनीवर आपटायचा, परत पकडायचा आणि पुन्हा ३ पावलं घ्यायची. पळताना एका हाताने हवा तेवढा वेळ चेंडू आपटत नेता येतो. पण एकदा तो हातात पक्का धरला की पुन्हा आपटायला सुरुवात करायची नाही. त्यानंतर ३ पावलं किंवा ३ सेकंद, एवढ्यात चेंडू दुसऱ्याकडे किंवा गोलकडे गेला पाहिजे. पोरं नेमकी इथे अडकतात. घाबरली की आपटतात, पकडतात, परत आपटतात. तोही फ्री थ्रो.

इथपर्यंत नुकसान फक्त एका गोलचं होतं. खरं संकट पुढच्या ३ सेकंदांत आलं. गोल बाद झाल्यावर चेंडू जाळीतून बाहेर आला. ७ नंबरने तो उचलला, पोटाशी धरला आणि "सर, तीनच झाली," असं म्हणत पंचांकडे चालत निघाला. पंचांनी वेळ थांबवली आणि २ बोटं वर केली. दोन मिनिटं बाहेर.

मी बाकावरून ओरडलो, "अहो, शब्दही वाईट नाही बोलला तो!" खरंच नव्हता बोलला. शिक्षा बोलण्याची नव्हतीच. निर्णय आपल्याविरुद्ध गेला की ज्याच्या हातात चेंडू आहे त्याने तो तिथल्या तिथे खाली ठेवायचा किंवा सोडून द्यायचा. घेऊन चाललं, मागे टाकला, दाबून धरला, की समोरच्याला पटकन फ्री थ्रो घेता येत नाही, आणि त्याला थेट २ मिनिटांचं निलंबन आहे. आधी पिवळं कार्ड दाखवायची गरज नसते. कबड्डीत हातात काही नसतंच. पंचांशी बोलायला जाताना हात रिकामेच असतात. पोराला कळणार कसं?

८:५० – 'डी'च्या आत उभा राहिलेला ५ नंबर

आता मैदानात आमचे ६ जण होते. गोलकीपर आणि ५ खेळाडू. समोर पूर्ण ७. निलंबित खेळाडूच्या जागी दुसरा आत येत नाही, संघच कमी होतो.

पाचांत बचाव करताना कडेला मोठी फट राहते. समोरचा खेळाडू त्या फटीत शिरला आणि 'डी'च्या रेषेबाहेरून उडी मारून गोलवर आला. आमचा ५ नंबर म्हणजे माझा कबड्डीतला डावा कोपरा, पकडीला वाघ. तो दोन पावलं मागे सरकला, 'डी'च्या आत उभा राहिला आणि हात वर करून त्याने चेंडू अडवला. शिट्टी. सात मीटरवरून थ्रो. गोल. ९-९.

पोरं ज्याला 'डी' म्हणतात तो गोलसमोरचा ६ मीटरचा भाग एकट्या गोलकीपरचा आहे. रेषासुद्धा त्यातच धरतात. रेषेवर पाय पडला म्हणजे आत पडला. पण पाय पडला की लगेच शिट्टी, असं नाही. पंच बघतात त्याने काय मिळवलं. बचाव करणारा चुकून आत गेला आणि फायदा काही झाला नाही, तर खेळ चालू राहतो. आत जाऊन फायदा घेतला, पण गोलची साफ संधी मोडली नाही, तर फ्री थ्रो. स्पष्टपणे आत शिरून साफ संधी मोडली, तर सात मीटर. या शेवटच्या प्रकाराला रेषेवर टाच टेकली एवढ्यावर भागत नाही. ५ नंबरचे दोन्ही पाय चांगले अर्धा मीटर आत होते, त्यामुळे वादाला जागाच नव्हती.

त्याला मी विचारलं, "मागे का गेलास?" म्हणाला, "सर, खोल उभं राहायचं ना." कबड्डीत चढाई करणारा आत येईपर्यंत मागे दबा धरून बसायचं हे मीच त्याच्या अंगात मुरवलेलं. हँडबॉलमध्ये बचावाची जागा रेषेच्या पुढे आहे. मागे सरकायला जागाच नाही, पाठीमागे गोलकीपरचं घर आहे.

हल्ला करणाऱ्याचा हिशोब वेगळा. त्याने रेषेबाहेरून उडी मारली आणि पाय आत टेकायच्या आधी चेंडू सोडला, तर गोल वैध. नंतर तो 'डी'त पडला तरी चालतं. म्हणून तर या खेळातली उडी एवढी लांब आणि देखणी असते. चेंडू हातात असताना पाय आत पडला, तर गोल थ्रो, म्हणजे चेंडू गोलकीपरचा. आणखी एक बारकी गोष्ट पोरांना पटवायला फार वेळ लागतो. 'डी'च्या वरून हवेत जाणारा चेंडू कुणीही खेळू शकतो, पण आत जमिनीवर पडलेल्या किंवा घरंगळणाऱ्या चेंडूला मैदानातल्या खेळाडूने हात लावायचा नाही. पाय बाहेर ठेवून वाकून उचलला तरी चूक. "पाय तर बाहेर आहे ना सर!" हे वाक्य मी निदान पन्नासदा ऐकलं असेल.

९:४० – गोल झाला, आता मी जिवंत

९:३० ला आमच्या ४ नंबरने लांबून जोरात मारला आणि १०-९ झाले. कमी माणसांत गोल! सगळा बाक उभा राहिला. समोरच्यांनी मध्यावरून थ्रो-ऑफ घेतला, खेळ सुरू झाला, आणि ७ नंबर धावत मैदानात शिरला.

मी व्हिडिओत स्वतःला पाहिलं. मी त्याला थांबवत नाहीये. मी टाळ्या वाजवतोय.

कबड्डी खेळलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपला खेळाडू बाद झालेला असतो, आपण समोरचा गडी बाद केला की आपला एक जिवंत होऊन आत येतो. ७ नंबरने गोल पाहिला आणि तो जिवंत झाला. त्याच्या मनात शंकेला जागाच नव्हती.

हँडबॉलमध्ये गोलने कुणी जिवंत होत नाही. २ मिनिटं म्हणजे खेळाच्या घड्याळाची पूर्ण २ मिनिटं. शिक्षा देताना पंच घड्याळ थांबवतात आणि पुन्हा शिट्टी होऊन खेळ सुरू झाला की तिथून २ मिनिटं मोजली जातात. मधे आपण गोल केले, समोरच्याने गोल केले, घड्याळाला काही घेणंदेणं नाही. हाफ संपला तर उरलेली वेळ पुढच्या हाफमध्ये भोगावी लागते. ७ नंबर ८:१० ला बाहेर गेला होता, त्याने १०:१० ला आत यायचं होतं. तो ९:४० ला आला. ३० सेकंद लवकर.

वेळाधिकाऱ्याने शिट्टी फुंकली. आधीच बाहेर असलेला खेळाडू मुदतीआधी आत आला तर त्याला आणखी २ मिनिटं लागतात आणि ती लगेच सुरू होतात. पहिली शिक्षा रद्द होत नाही, दोन्ही सोबत चालतात. म्हणून त्या दोन शिक्षा जेवढा वेळ एकमेकींवर पडतात तेवढा वेळ संघातून आणखी एक माणूस बाहेर काढावा लागतो. चेंडूही समोरच्या संघाचा, फ्री थ्रोने.

पंचांनी मला हे कागदावर आखून दाखवलं तेव्हाच डोक्यात शिरलं. पहिली शिक्षा ८:१० ते १०:१०. दुसरी ९:४० ते ११:४०. म्हणजे ९:४० ते १०:१० ही ३० सेकंदं दोन्ही चालू, मैदानात आमचे गोलकीपर धरून ५ जण. १०:१० नंतर ११:४० पर्यंत ६ जण. मी त्या वेळी कुणाला बाहेर बोलवायचं याच गोंधळात होतो. शेवटी कडेच्या पोराला ओढलं आणि नेमकी ती कड उघडी पडली.

९:५२ ला गोल, १०-१०. मग आमचा घाईतला पास थेट त्यांच्या हातात आणि १०:०६ ला आणखी एक, १०-११. अर्ध्या मिनिटात सामना उलटला तो इथे.

त्या अर्ध्या मिनिटात काय करता आलं असतं, हे मी पंचांना विचारलं. चेंडू आपल्याकडे आल्यावर गोलवर जायची घाई कशाला, म्हणाले. चार जणांनी चेंडू फिरवत ठेवायचा. पंच हात वर करून सावध करतात, कारण नुसता वेळ काढणं चालत नाही. पण त्या इशाऱ्यानंतरही ४ पास मिळतात. तेवढ्यात ३० सेकंदं सहज जातात. दुसरा उपाय मोठे संघ वापरतात. हल्ल्याच्या वेळी गोलकीपरला बाहेर बोलवून त्याच्या जागी मैदानी खेळाडू आत पाठवायचा, म्हणजे पुढे तरी संख्या भरून निघते. चेंडू गेला की गोल मात्र उघडा, आणि समोरचा स्वतःच्या अर्ध्यातूनच टाकू शकतो. आमच्या पोरांच्या पासची पत बघता मी हे वर्षभर तरी करणार नाही.

११:०० – पकड

आता ५ नंबर. समोरच्यांचा एक दांडगा पोरगा आमच्या 'डी'च्या रेषेवर पाठ करून उभा राहायचा. त्याला पास मिळाला, तो वळला, समोर फक्त गोलकीपर. ५ नंबरने मागून दोन्ही हातांनी कमरेला मिठी मारली आणि त्याला खाली आणलं. कबड्डीत अशी पकड झाली की मी स्वतः उभा राहून शाबासकी दिली असती.

सात मीटर आणि २ मिनिटं. गोल. १०-१२.

हँडबॉलमध्ये अंगाचा संबंध येतो, नाही असं नाही. समोर छाती करून उभं राहायचं, कोपरात वाकवलेल्या हातांनी त्याला जाणवत राहायचं, त्याची वाट अंगाने अडवायची, हे सगळं चालतं. उघड्या तळहाताने चेंडू काढून घेता येतो. पण मागून किंवा बाजूने धरणं, ओढणं, ढकलणं चालत नाही. समोरूनही मिठी मारून अडकवायचं नाही. लहानशा धरपकडीला फ्री थ्रोवर भागतं. तीच चूक वारंवार झाली किंवा चेंडूऐवजी माणसावरच झडप असली की पिवळं कार्ड. एका खेळाडूला पिवळं एकदाच मिळतं आणि पूर्ण संघाला मिळून तीनच. त्यापुढे कमीत कमी २ मिनिटं. आणि बराच वेळ धरून ठेवणं, खाली ओढणं, डोक्याला-मानेला लागणं, वेगात पळणाऱ्याला जोरात धडकणं याला पिवळ्याची वाट पाहायची नाही, थेट २ मिनिटं.

५ नंबरला पहिल्या हाफमध्ये पिवळं मिळालंच होतं. ते नसतं तरी या मिठीला २ मिनिटंच होती. पंच म्हणाले, "तो उभा होता म्हणून २ मिनिटांवर निभावलं. पळत किंवा उडीत असता आणि तोल जाऊन पडला असता, तर लाल दाखवलं असतं." हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. कारण माझ्या पोरांचं सगळ्यात लाडकं हत्यार घोट्याची पकड आहे. हवेत असलेल्या पोराचा पाय धरला तर तो कसा पडेल हे मी कबड्डीच्या मॅटवर नाही, मुरमाच्या मैदानावर डोळ्यांसमोर आणून बघितलं.

५ नंबर १३:०० पर्यंत बाहेर. ७ नंबर ११:४० पर्यंत बाहेर. म्हणजे ११:०० ते ११:४० पुन्हा पाचच जण. ही ४० सेकंदं आम्ही कशीबशी काढली, पण १२:२० ला दमलेल्या बचावातून एक गोल गेलाच. १०-१३.

८:१० पासून १३:०० पर्यंत, ४ मिनिटं ५० सेकंद, आम्ही एक क्षणही पूर्ण ७ नव्हतो. त्यात आम्ही ५ गोल खाल्ले आणि १ केला. उरलेल्या सामन्यात आम्ही त्यांच्या बरोबरीचे, किंचित वरचढच होतो. ११:४० नंतर मी ७ नंबरला परत आत सोडलं नाही. त्याच्या नावावर २ शिक्षा झाल्या होत्या. तिसरी लागली असती तर लाल कार्ड, म्हणजे तो उरलेल्या सामन्यातून गेला असता आणि संघ वर २ मिनिटं कमी. ते पोर एवढं बावरलेलं होतं की तिसरी लागलीच असती. त्याच्या जागी दुसरा गेला. शिक्षेची वेळ संपली की आत तोच खेळाडू गेला पाहिजे असं नसतं. हा त्या दिवशीचा माझा एकमेव बरा निर्णय.

दोरी

व्हिडिओ संपल्यावर पंचांनी सहज विचारलं, "पहिल्या हाफमध्ये तुमच्या कडेच्या पोरांचे २ गोल मी 'डी'त पाय म्हणून दिले नाहीत. दोघंही एकाच जागेवरून आत येत होते. तुमच्याकडे रेषा कशी आखता?"

मी सांगितलं. गोलच्या मधोमध खुंटी, ६ मीटरची सुतळी, आणि अर्धं वर्तुळ फिरवून फक्की टाकतो.

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. 'डी' हे अर्धं वर्तुळ नाहीच. गोल ३ मीटर रुंद असतो. गोलसमोर ६ मीटरवर ३ मीटरची सरळ रेघ असते, आणि तिच्या दोन टोकांपासून पाव-पाव वर्तुळं बाहेरच्या रेषेपर्यंत येतात. ती गोलच्या मध्यातून काढायची नसतात. प्रत्येक खांबाच्या मागच्या आतल्या कडेला दोरी धरून ६ मीटरने काढायची. आमची रेषा गोलसमोर बरोबर ६ मीटरवर होती, त्यामुळे कधी शंका आली नाही. पण कडेला जाऊन बघा. खरी रेषा गोलच्या मध्यापासून दीड अधिक सहा, म्हणजे ७.५ मीटरवर टेकते. आमची ६ मीटरवर टेकत होती. दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर 'डी' आम्ही खाऊन टाकली होती. मैदान २० मीटर रुंद, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत १०. खऱ्या मैदानावर कोपऱ्यातल्या खेळाडूला गोलरेषेजवळ जेमतेम अडीच मीटर जागा राहते. आमच्या पोरांना सरावात ४ मीटर मिळत होती. दोन महिने ती दीड मीटर आतून उडी मारायला शिकत होती आणि शिकवत मी होतो.

मंगळवारी सकाळी मैदानावरची फक्की पायाने पुसून टाकली. दोन पोरांनी खांबाला दोरी धरली, तिसऱ्याने डबा घेतला. नवी रेषा पडल्यावर कडेचा खेळाडू कोपऱ्यात उभा राहून म्हणाला, "सर, एवढ्याशा जागेतून?" त्याला मग कडेने सरळ न पळता बाहेरून आत वळून उडी मारायला शिकवावं लागलं. त्यातच महिना गेला.

पावलांसाठी मी उपाय साधा केला. पास कधी उंच, कधी कमरेला, कधी पळता पळता गुडघ्याएवढा द्यायचा. पोरांनी मोठ्याने मोजायचं. हवेत पकडला तर "शून्य" म्हणून सुरुवात, पाय टेकलेला असताना पकडला तर "एक" म्हणून. पहिल्या आठवड्यात निम्मी पोरं चुकीच्या आकड्याने सुरुवात करायची, कारण आपला पाय कुठे होता हेच त्यांना माहीत नसायचं. आणि शिट्टी झाली की चेंडू जमिनीवर. सरावात, मधल्या सुट्टीत, कधीही. मी वाटेल तेव्हा शिट्टी मारायचो आणि ज्याच्या हातात चेंडू राहील त्याला मैदानाला एक फेरी.

बचावासाठी काही दिवस पोरांच्या दोन्ही हातांत एकेक जुना मोजा दिला, मुठीत धरायला. मोजा सोडल्याशिवाय पकड करता येत नाही. मोजा खाली पडला की कुणी धरलं ते लगेच दिसतं. ५ नंबरचे मोजे पहिल्या दिवशी सतत जमिनीवरच होते.

फेब्रुवारीत त्याच संघाशी परत खेळलो. हरलोच, पण २ गोलांनी. पूर्ण सामन्यात एकच निलंबन, तेही ७ नंबरला, धावत्या खेळाडूला बाजूने ढकललं म्हणून. आता माझ्या खिशात चिठ्ठ्या असतात. बाहेर येणाऱ्याच्या हातात त्याची परत जायची वेळ लिहून देतो. त्याच्या चिठ्ठीवर होतं १६:२५. तो वेळाधिकाऱ्याच्या टेबलाशेजारी, आमच्या बदलीच्या रेषेपाशी उकिडवा बसला. १६:१४ ला ४ नंबरने गोल केला, बाक उठला, मीही उठलो आणि सवयीने हात हलवून त्याला म्हणालो, "चल, जा!"

त्याने मान वळवली नाही. चिठ्ठी वर धरून दाखवली. "सर, अजून अकरा सेकंद."